गरोदरपणात उलट्या नवव्या आठवड्यातच का वाढतात?

सहाव्या आठवड्यापर्यंत मी ठणठणीत होते. आता नववा चालू आहे आणि फोडणीचा वासही नको होतो. मैत्रीण म्हणते, बीटा एचसीजी हे गरोदरपणातलं हार्मोन जास्त असणार, पुन्हा तपासून घे.

तपासू नका, पैसे वाचवा. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजलं तर मळमळ साधारण पाचव्या-सहाव्या आठवड्यात सुरू होते, नवव्याच्या आसपास कळस गाठते आणि बहुतेकींची चौदाव्या-सोळाव्यापर्यंत ओसरते. एचसीजीही नवव्या-दहाव्या आठवड्यात सर्वाधिक असतं आणि मग उतरतं, म्हणून वर्षानुवर्षं सगळा ठपका त्याच्यावर ठेवला गेला. जुळ्यांमध्ये ते जास्त असतं आणि उलट्याही जास्त होतात, हेही खरं. पण सारख्याच आकड्याच्या दोघींपैकी एक मिसळ खाते आणि दुसरीला पाणी पचत नाही, याचं काय?

डिसेंबर २०२३ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आलेल्या संशोधनाने बोट दाखवलं ते जीडीएफ-१५ या हार्मोनकडे. ते एरवीही शरीरात थोडं असतं, पण गरोदरपणात त्याचा मोठा भाग बाळाकडून आणि वारेतून येतो आणि मेंदूच्या तळाशी मळमळीचं केंद्र चाळवतो. जिची मूळ पातळी कमी, तिला ही अचानक वाढ जास्त झोंबते. बीटा थॅलसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या वाहक स्त्रियांमध्ये ही पातळी आधीपासूनच वर असते आणि त्यांना मळमळीचा त्रास कमी झाल्याचं आढळलं. गंमत अशी, की चौदाव्या आठवड्यानंतरही हे हार्मोन उतरत नाही. तरीही त्रास ओसरतो, तो बहुधा मेंदूला त्याची सवय होते म्हणून. हा शेवटचा दुवा अजून पक्का सिद्ध नाही. एचसीजीचा काहीच हात नाही, असंही कुणी छातीठोकपणे सांगू नये.

उलट्या जास्त म्हणजे मुलगी, हे खरं का?

नाही.

हार्मोन संतुलित करणारी पावडर ऑनलाइन मिळते. घेऊ का?

नको. जीडीएफ-१५ला रोखणारं, गरोदरपणासाठी मान्य असलेलं औषध आजतरी नाही, मग ती पावडर काय संतुलित करणार? डॉक्सिलॅमिन आणि बी-६ची गोळी जुनी, परवडणारी आणि पुरेशी अभ्यासलेली आहे. तीही डॉक्टरांना विचारूनच.

वजन ५४ किलोवरून ५१ झालं. दोन आठवडे धड जेवण नाही, लघवी गडद होते. सासूबाई म्हणतात, तिसरा महिना संपला की थांबेल.

आजच दवाखान्यात जा. गरोदरपणाआधीच्या वजनाच्या ५ टक्के घट ही धोक्याची खूण. तुमच्या बाबतीत ती २.७ किलोवर येते आणि तुम्ही ३ किलो गमावले आहेत. डॉक्टर लघवीत उपासमारीने वाढणारे किटोन आणि रक्तातलं सोडियम-पोटॅशियम बघतील, बहुधा सलाईन लावतील. इतके दिवस उपाशी असलेल्या बाईला ग्लुकोजची बाटली लावण्याआधी बी-१ जीवनसत्त्व द्यावं लागतं, नाहीतर मेंदूला इजा होऊ शकते. किती दिवस पोटात काही राहिलेलं नाही, हे त्यांना स्पष्ट सांगा आणि बी-१बद्दल विचारा. चालताना तोल जात असेल, एकाचे दोन दिसत असतील किंवा लघवीच थांबली असेल, तर रात्रही थांबू नका.