रजेच्या अर्जात खरं कारण लिहावं का?

प्रश्न: रजेच्या अर्जात खरं कारण सविस्तर लिहावं, की ‘घरगुती कामानिमित्त’ एवढंच पुरे? साहेबानं आधी नाही म्हणून मग अर्ज वाचून रजा दिली, असं खरंच कुठे होतं का?

उत्तर:

होतं. बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीतल्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं टाइम ऑफिस सांभाळलं. तिथला एक अर्ज सांगतो. काळ नवे कामगार कायदे लागू होण्याच्या आधीचा, म्हणजे 1948च्या कारखाना कायद्याचा.

आमच्याकडे व्हॉल्व्हच्या बॉड्यांचं मशीनिंग व्हायचं. मार्चचा शेवटचा आठवडा म्हणजे सगळ्यांच्या नाकात दम. माल 31 तारखेच्या आत ट्रकवर चढला तरच त्याचं बिल त्या वर्षात पडणार. नेमक्या त्या दिवसांत रजेचे अर्ज वाढायचे आणि आज्या पटापट वारायच्या. एकाची आजी तर माझ्या रजिस्टरात दोनदा वारलेली होती. जे आजीला मारत नसत ते स्वतः आजारी पडत, आणि मग ईएसआयच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट आणताना त्यांची धावपळ व्हायची. त्यामुळे आमचे मॅनेजरसाहेब मार्चमध्ये कारण वाचतच नसत. वरची तारीख बघायची, लाल पेनानं ‘नामंजूर, मार्चएंड’ लिहायचं आणि कागद माझ्या ट्रेमध्ये टाकायचा. माणूस वाईट नव्हता. सकाळी दहाला त्यांच्या टेबलावर असे आठ-दहा कागद असायचे.

17 मार्चला व्हीएमसी मशीनवरच्या एका ऑपरेटरचा अर्ज असाच लाल होऊन माझ्याकडे आला. दांडिया बाजारात राहणारा, कमी बोलणारा माणूस. छापील फॉर्म गुजरातीत होता, कारणाच्या रकान्यात त्यानं मराठीत लिहिलं होतं, आणि जागा पुरली नाही म्हणून मागच्या बाजूला गेला होता:

“साहेब, 25 ते 28 मार्च रजा पाहिजे. घरी कोणी आजारी नाही. वडिलांना विसरायला होतं. रिटायर झालोय हे त्यांच्या लक्षात राहत नाही. सकाळी डबा मागतात आणि प्रतापनगरला वर्कशॉपमध्ये कामावर जायला निघतात. मागे एकदा रेल्वेच्या रुळांपाशी सापडले. बायको सकाळी बालवाडीत शिकवायला जाते ती एक वाजता येते. तोवर माझी बहीण येऊन बसते. हे चार दिवस ती सासूच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी सुरतेला जाणार आहे. एकनंतर माझी घरी तशी गरज नाही. फक्त 25ला बालवाडीत पालकसभा आहे, बायकोला संध्याकाळ होईल. अर्ज पंधरा दिवस आधी द्यायला हवा होता, पण ऑपरेशनचं परवाच कळलं. लॉटचं सेटिंग 24ला करून देतो.”

आता कायद्यानं बघाल तर साहेबांचं ‘नामंजूर’ बरोबर होतं. कलम 79प्रमाणे भरपगारी रजेचा अर्ज किमान पंधरा दिवस आधी लागायचा. कामगार स्वतः आजारी असेल तर ती अट नसे, पण वडिलांच्या विसरण्याला तशी सूट नव्हती. याचा अर्ज आठ दिवस आधीचा होता, आणि तसं त्यानं स्वतःच लिहून ठेवलेलं. मुदतीत मागितलेली रजा नाकारली, तर ती पुढच्या वर्षात ओढताना 30 दिवसांची मर्यादा लागत नसे. म्हणून नाकारलेल्या प्रत्येक अर्जाचं कारण मी रजिस्टरात नीट लिहायचो. नुसतं ‘मार्चएंड’ लिहून भागणार नव्हतं. कागद घेऊन केबिनमध्ये गेलो आणि विचारलं, “साहेब, कारण काय लिहू? उशिरा आला असं लिहू का?”

“उशिरा आलाय?”

“त्यानंच लिहिलंय मागे.”

कागद उलटा करून त्यांनी वाचला. मग पुन्हा पुढची बाजू, पुन्हा मागची. मला वाटलं, वडिलांचं वाचून विरघळले. पण पहिला प्रश्न आला तो असा: “हा एकनंतर लागत नाही म्हणतोय?”

माणसानं स्वतःचीच बाजू कच्ची करणारं वाक्य लिहिलं होतं, आणि तेच कामाला आलं. आमची पहिली पाळी सात ते साडेतीन, दुसरी साडेतीन ते बारा. त्याला बोलावून घेतलं.

“सव्वीसपासून तीन दिवस दुसऱ्या पाळीत येशील का?”

“येईन की साहेब. पण दुसऱ्या पाळीचा तो तयार होईल का?”

“ते मी बघतो. पंचवीसची रजा घे. आणि हे रुळांचं मला आधी का नाही सांगितलंस?”

तो काहीच बोलला नाही. साहेबांनी लाल अक्षरांवर एक आडवी रेघ मारली, खाली ‘25ची रजा मंजूर, 26 ते 28 पाळी बदल’ लिहून सही केली आणि पुढचा कागद ओढला.

सगळं गोड झालं असं समजू नका. दुसऱ्या पाळीचा पोरगा तीन दिवस पहाटे उठावं लागलं म्हणून माझ्यापाशी कुरकुरला. पंचवीसला सेटिंग तयार असूनही त्याच्या हातून दोन बॉड्यांचं बोअर मोठं झालं. त्या भंगारात गेल्या. माल मात्र 31ला संध्याकाळी गेला.

तुमच्या प्रश्नाचं म्हणाल तर माझ्या मते त्या अर्जात दुःखापेक्षा हिशेब जास्त होता. कोणते तास अडचणीचे, कोण कधी घरी येतं, कोणता दिवस बिलकुल टळत नाही, मागे मशीनचं काय होईल. मॅनेजरला रजा द्यायची इच्छा झाली तरी द्यायची कशी हे सुचावं लागतं. ‘घरगुती कामानिमित्त चार दिवस’ यातून त्याला काहीच सुचत नाही. मग हो किंवा नाही एवढंच उरतं, आणि मार्चमध्ये ते नाहीच असतं.

पण सगळं लिहाच असंही मी म्हणणार नाही. त्याच कारखान्यात दुसऱ्या विभागाचा एक सुपरवायझर असा होता, की ‘एकनंतर गरज नाही’ वाचून त्यानं ‘मग बायकोला रजा घ्यायला सांग’ असं सुनावलं असतं. घरातल्या माणसाचं आजारपण कँटीनमध्ये चघळलं जाणार असेल तर ‘वडिलांजवळ सकाळी एकपर्यंत थांबावं लागतं’ इतकंच लिहा. आजाराचं नाव द्यायची गरज नाही, तास मात्र लिहा. तास खोटे लिहू नका. तारखेला उशीर झाला असेल तर तेही स्वतःच लिहा, म्हणजे टाइम ऑफिसवाल्याला ते शोधून काढावं लागत नाही.

आणि अर्जाची झेरॉक्स काढून तिच्यावर पोहोचल्याची तारीख आणि सही घ्या. तोंडी मागितलेल्या रजेची माझ्या रजिस्टरात कधी नोंदच व्हायची नाही.