सोलापूरच्या खिडकीतला पहिला पाऊस, चार ओळीत

प्रश्न: खिडकीतून दिसणाऱ्या पहिल्या पावसावर प्रोफाइलसाठी छोटं, काव्यमय कॅप्शन हवंय. मी सोलापूरला असते. कसं लिहू?

सोलापूरला असता हे तुम्ही लिहिलंत, म्हणून उत्तर द्यायला बसले. पावसाची तयार कॅप्शनं हजारो मिळतात. सगळ्यात हिरवा डोंगर, मोर, धुकं आणि वाफाळता चहा. यातलं आपल्या खिडकीतून काय दिसतं?

आधी हे ठरवा की तुमचा पहिला पाऊस कोणता. आपल्याकडे पहिला पाऊस बहुतेकदा वळवाचाच असतो. मे महिन्यातली दुपार, पारा चाळिशीच्या वर, अंग चिकट झालेलं, मग अचानक वारा सुटतो आणि धुळीचा लोट उठतो. थेंब नंतर येतात, कधी गाराही येतात, आणि थोड्याच वेळात सगळं संपतं. मृग लागतो ७ जूनच्या आसपास, पण आपण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, त्यामुळे मृगाचा पाऊस कोकणासारखा दिवसभर लागून राहत नाही. आपला खरा भरवशाचा पाऊस सप्टेंबरचा, ज्याच्यावर रब्बीची ज्वारी उभी राहते. म्हणून ‘रिमझिम’, ‘संततधार’ वगैरे शब्द वळवाच्या कवितेत घातले की सोलापूरचा माणूस लगेच ओळखतो की हे इकडून तिकडून उचललेलं आहे.

आता माझं सांगते, कारण हा विषय निघाला की मला गप्प बसवत नाही. मी पूर्व भागात वाढले. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना यंत्रमाग. पहाटेपासून रात्रीपर्यंत खटखट चालू, त्यामुळे घरातही आम्ही वरच्या आवाजात बोलायचो. शाळेतल्या मैत्रिणी म्हणायच्या, तू भांडतेस की बोलतेस? एका वर्षी वळीव आला तेव्हा मी खिडकीत होते. खिडकीचा अर्धा भाग कूलरने अडवलेला, उरलेल्या अर्ध्या भागातून समोरचा पत्रा आणि कडुनिंबाची एक फांदी दिसायची. आधी धूळ आली, गजांवर बसली, पुस्तकावर बसली. समोरच्या काकू गच्चीकडे धावत ओरडल्या, “ए पोरी, कुरडया घे की आत, बघत काय बसलीस!” तेवढ्यात वीज गेली आणि गल्लीतले सगळे माग एकदम थांबले. इतकी शांतता मी त्या गल्लीत दिवसाउजेडी कधी ऐकली नव्हती. त्या शांततेत पत्र्यावर पहिला थेंब वाजला. मग दुसरा. मग मोजता येईनात.

वडील मागावरून उठून दारात येऊन उभे राहिले. त्यांची मजुरी नगावर होती. माग थांबला की पैसे थांबले. तरी ते हात बाहेर काढून उभे होते, तळव्यावर पाणी घेत. थोड्या वेळाने म्हणाले, “लाईट येईस्तोवर बसू दे जरा.” पाऊस म्हटलं की मला आजही तोच हात दिसतो, बोटांच्या पेरांत अडकलेल्या कापसाच्या तंतूंसकट.

यावर मी चार ओळी लिहिल्या आणि कॉलेजच्या वार्षिकांकाला दिल्या. छापून आल्या तेव्हा तिसऱ्या ओळीतले माग गायब, त्यांच्या जागी मोर नाचत होते. संपादक सरांना विचारलं, तर म्हणाले, “पावसाच्या कवितेत माग कशाला? कवितेला शोभायला हवं.” मी तेव्हा वाद घातला आणि आजही घालीन. पूर्व भागात मोर कुठून आणायचा? माग थांबल्याशिवाय तिथे पाऊस ऐकूच येत नाही. तो पत्र्यावरचा आवाज कशामुळे ऐकू आला, याचं कारणच सरांनी खोडलं होतं. वर माझं नाव तसंच ठेवलं.

त्या चार ओळी अशा आहेत:

धूळ आली खिडकीशी,
गल्ली अंधारली सारी;
माग थांबले, नि आल्या
पत्र्यावर पैल्या सरी.

ही अष्टाक्षरी आहे. प्रत्येक ओळीत आठ अक्षरं, जोडाक्षर एकच धरायचं, अनुस्वार मोजायचा नाही. प-त्र्या-व-र-पै-ल्या-स-री, बोटांवर मोजून बघा. दुसऱ्या आणि चौथ्या ओळीचं यमक जुळलं की पुरे, चारही ओळी जुळवायला गेलात की नको ते शब्द आत शिरतात. क्रम मात्र सांभाळा. धूळ, अंधार, शांतता, आवाज, या क्रमानेच वळीव येतो. सरी पहिल्याच ओळीत आणल्या असत्या तर पुढच्या तीन ओळींना काही कामच उरलं नसतं. ‘मन चिंब झालं’ असलं काही मी लिहिलेलं नाही, आणि तुम्हीही लिहू नका. खिडकीत उभा असलेला माणूस कोरडा असतो. त्याला दिसतं आणि ऐकू येतं, तेवढंच लिहायचं.

फोनवर टाकताना एक अडचण येते. प्रोफाइलच्या जागेला मर्यादा असते: इन्स्टाग्रामच्या बायोला १५०, व्हॉट्सॲपच्या अबाउटला १३९. पण फोन आपल्यासारखी अक्षरं मोजत नाही. काना, वेलांटी, मात्रा, जोडाक्षरातला हलन्त, सगळं वेगवेगळं मोजतो. ‘पत्र्यावर’ आपल्याला चार अक्षरांचा शब्द, फोनला नऊ. माझ्या वरच्या बत्तीस अक्षरांचे मोकळ्या जागा, विरामचिन्हं आणि ओळींचे खंड धरून ७९ होतात. म्हणजे एक कडवं आरामात बसतं, दुसरं जोडलं की दीडशेच्या बाहेर जातं. म्हणून चारच ओळी. जोडाक्षरं कमी वापरलीत तर थोडी जागा आणखी मिळेल, पण त्यासाठी ‘पत्रा’ काढून ‘छत’ घालू नका, छतावर तसा आवाज होत नाही.

टाकल्यावर ओळी सुट्या राहिल्यात का तेही बघा. कधी कधी त्या एकमेकींना चिकटतात. तशा चिकटल्याच तर वाचणाऱ्याला श्वास कुठे घ्यायचा ते कळावं म्हणून मी अर्धविराम आणि स्वल्पविराम ठेवलेत, ते काढू नका.

तुमचं घर जुळे सोलापूरकडे किंवा होटगी रोडला असेल तर तिथे मागांचा आवाज नसेल, आणि मग माझी तिसरी ओळ तुमच्या तोंडी खोटी होईल. तिथे तुमचं काय थांबतं ते बघा. कूलर थांबत असेल, खाली क्रिकेट खेळणारी पोरं थांबत असतील. दुसरं म्हणजे, अष्टाक्षरीच हवी असंही नाही, मुक्तछंदातही चांगलं होतं. मला मोजून लिहिलं की फाजील शब्द आपोआप गळताना दिसतात, म्हणून मी मोजते.

आणि ‘पैल्या’ अशुद्ध आहे, ‘पहिल्या’ करा, असं कोणीतरी खाली लिहीलच. त्याला सांगा, ‘पहिल्या’ केलं की ओळ नऊ अक्षरांची होते.