चॅट उडवलं, पण फोटो कुठं गेला?

साडीवाल्या फोटोंचं वेड आलं तेव्हापासून दुकानात आणि मेसेजवर एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडानं येतोय, जेमिनी नाहीतर चॅटजीपीटीत टाकलेला फोटो डिलीट केल्यावर खरंच जातो का, म्हणून ह्या वेळी सगळी उत्तरं एकदमच देतो.

राजारामपुरीतल्या एक ताई: "मी जेमिनीत माझा फोटो टाकून जुन्या सिनेमासारखा साडीतला फोटो बनवला. मागनं भीती वाटली म्हणून चॅट डिलीट केलं. आता माझा फोटो गेला का?"

तुमच्या नजरेसमोरनं गेला ताई, पण सगळीकडनं गेला असं नाही म्हणता येणार. सप्टेंबर २०२५ मध्ये ही लाट आली तेव्हा अख्ख्या कोल्हापुरानं फोटो टाकले, आमच्या घरातनं पण दोघींनी टाकले, त्यामुळं घाबरून जाऊ नका, फक्त कुठं काय राहतं ते समजून घ्या.

चॅट डिलीट केलं की ते तुमच्या यादीतनं जातं आणि त्याच्याबरोबर तुमच्या गूगल खात्यातली त्या चॅटची नोंद पण जाते. गूगलच्या सर्व्हरवरनं मात्र लगेच पुसलं जात नाही, गूगल स्वतःच सांगतं की पूर्ण साफ व्हायला साधारण २ महिने लागतात आणि बॅकअपच्या कुलूपबंद प्रती ६ महिन्यांपर्यंत राहू शकतात. हे एवढंच असतं तर मी म्हटलं असतं की सहा महिने थांबा आणि विसरून जा.

खरी गोम पुढं आहे. काही चॅट निवडून माणसांकडनं तपासली जातात, उत्तरं बरी येतायत का ते बघायला. अशी तपासलेली चॅट आणि त्याच्याबरोबरची माहिती ३ वर्षांपर्यंत वेगळी ठेवली जाते, आणि तुम्ही चॅट डिलीट केलं तरी ती जात नाही. ती तुमच्या खात्यापासनं तोडलेली असते, म्हणजे त्यावर तुमचा जीमेल नसतो. पण फोटोत चेहरा असेल तर खातं तोडून काय उपयोग, चेहरा तर चेहराच राहतो की, हे माझं मत. तुमचं चॅट त्या निवडीत गेलं का हे दाखवणारं बटण कुठंही नाही.

आता तुम्ही काय करायचं. myactivity.google.com/product/gemini उघडा. तिथं जुन्या सगळ्या चॅटच्या नोंदी दिसतील, साडीवाली अजून दिसतीय का बघा आणि दिसली तर तिथनंच उडवा. तिथंच वर `Keep Activity` म्हणून सेटिंग आहे, ते बंद करा. हे चालू असेल तर २ सप्टेंबर २०२५ पासनं तुम्ही टाकलेल्या फोटो-फायलींतला काही भाग सेवा सुधारायला वापरला जाऊ शकतो. बंद केलं तर पुढची चॅट ७२ तासांपर्यंतच ठेवली जातात. पण लई जण हिथंच चुकतात, बंद केलं म्हणजे आधीचं पुसलं गेलं असं समजतात. आधीचं तसंच राहतं, ते वेगळं डिलीट करावं लागतं, दोन्ही कामं करायची.

आणि एक, चॅट गेलं तरी तुमच्या मोबाईलमधला मूळ फोटो आणि डाउनलोड केलेला साडीतला फोटो गॅलरीत आहेतच, त्यांना जेमिनी हात पण लावत नाही.

गांधीनगरचे एक कापड दुकानदार: "पोरानं गिऱ्हाइकाच्या आधार कार्डाचा फोटो चॅटजीपीटीत टाकला, पत्ता टाइप करायचा कंटाळा म्हणून. बाकीचं चॅट बिलांच्या कामाचं आहे, नुसता तो फोटो काढता येतो का?"

नाही काढता येत शेठ. तिथं डिलीट होतं ते अख्खं चॅट, मधला एक मेसेज किंवा एक फोटो वेगळा उडवायची सोय नाही. पोरानं कदाचित मेसेज एडिट करून बघितला असेल, पण एडिट केल्यावर जुना मेसेज पुसला जात नाही, शेजारी छोटे बाण येतात आणि मागच्या बाणावर टॅप केलं की जुनं सगळं जसंच्या तसं पुढं येतं. करून बघा, लगेच कळेल.

म्हणून असं करा. चॅटमधनं बिलांचं जे कामाचं आहे ते कॉपी करून वहीत नाहीतर एक्सेलमध्ये घ्या. मग चॅटच्या नावावर बोट दाबून धरा, मेनू येईल, त्यात `Archive` आणि `Delete` दोन्ही दिसतील. `Archive` दाबू नका. त्यानं चॅट फक्त माळ्यावर ठेवल्यासारखं होतं, समोर दिसत नाही पण आहे तिथंच असतं. गेल्या महिन्यात एक गृहस्थ मला शपथेवर सांगत होते की मी सगळं डिलीट केलंय, आणि सेटिंगमध्ये जाऊन बघतो तर चाळीस-पन्नास चॅट आर्काइव्हमध्ये गुण्यागोविंदानं नांदत होती.

`Delete` केलं की चॅट लगेच दिसेनासं होतं आणि ३० दिवसांच्या आत कंपनीच्या सिस्टीममधनं कायमचं काढायला लावलं जातं. ह्याला दोन अपवाद आहेत. एक म्हणजे ती माहिती आधीच तुमच्या खात्यापासनं वेगळी केलेली असेल तर, आणि दुसरा म्हणजे कायद्यानं किंवा सुरक्षेसाठी ठेवावी लागली तर. दुसरा अपवाद नुसता कागदावरचा नाही बरं का. २०२५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं घातलेल्या खटल्यात अमेरिकेतल्या कोर्टानं चॅटजीपीटीच्या कंपनीला, ओपनएआयला, सांगितलं की लोकांनी डिलीट केलेली चॅट पण जपून ठेवा, त्यामुळं काही महिने ३० दिवसांचा नियम बहुतेक लोकांसाठी चाललाच नाही. ती सक्ती २६ सप्टेंबर २०२५ ला संपली.

राहिला ट्रेनिंगचा प्रश्न. `Settings` मध्ये `Data controls` आणि त्यात `Improve the model for everyone` असं एक बटण आहे. साध्या, स्वतःच्या खात्यावर ते आधीपासनं चालू असतं. ते चालू असताना टाकलेलं चॅट मॉडेल शिकवायला वापरलं गेलं असेल तर नंतर चॅट डिलीट करून ते शिकलेलं मागं घेता येत नाही, चहात साखर विरघळल्यावर चमच्यानं काढायला गेल्यासारखं होतं ते. आज बटण बंद केलं तर पुढच्या चॅटसाठी उपयोग होईल, ते आजच करा. आणि हे बंद असलं तरी उत्तराखालचा अंगठा दाबू नका, अंगठा म्हणजे अभिप्राय, आणि अभिप्राय दिला की ते अख्खं चॅट ट्रेनिंगला वापरता येतं.

गिऱ्हाइकाचं आधार होतं म्हणून सांगतो, त्याला एक फोन करा. आधारच्या साइटवर किंवा अॅपवर त्याला बायोमेट्रिक लॉक करता येतं, मग बोटाच्या ठशावर कुणी व्यवहार करू शकत नाही. आणि पुढच्या वेळी पोराला सांगा, पत्ताच पाहिजे असेल तर फोटो क्रॉप करून नुसता पत्त्याचा भाग टाक, बारा आकडे आणि चेहरा कशाला.

शाहूपुरीतली एक कॉलेजची पोरगी: "चॅटजीपीटीत पप्पांच्या ब्लड रिपोर्टचा फोटो टाकला होता, नंतर चॅट डिलीट केलं. आठवड्यानं नवीन चॅटमध्ये डब्याची रेसिपी विचारली तर म्हणतंय वडिलांना शुगर आहे म्हणून गूळ टाळा! फोटो गेलाच नाही का?"

फोटो चॅटबरोबर गेलाय, पण फोटोतनं काढलेलं वाक्य राहिलंय. कोल्हापुरात राहून गूळ टाळा म्हणणं हा वेगळाच गुन्हा, तो सोड. 😄

चॅटजीपीटीत मेमरी चालू असेल तर बोलता बोलता ते कामाच्या वाटलेल्या गोष्टी एका वेगळ्या यादीत लिहून ठेवतं, "वडिलांना मधुमेह आहे" अशा एका ओळीत. ती यादी चॅटचा भाग नाही, त्यामुळं चॅट डिलीट केलं तरी ओळ तिथंच बसलेली असते. `Settings` मध्ये `Personalization`, तिथं मेमरी, आणि त्यात साठवलेल्या ओळी बघायची जागा आहे. एकेक वाच. मला वाटतं तुला पप्पांची सोडून अजून चार-पाच गोष्टी सापडतील ज्या तू कधी सांगितल्याचं तुला आठवत पण नसेल. नको ती ओळ तिथनं काढ.

उलटं पण लक्षात ठेव. नुसती ओळ काढली आणि जुनं चॅट ठेवलं तर उपयोग नाही, कारण जुनी चॅट वाचून संदर्भ घ्यायची सोय चालू असेल तर ते तिथनं परत उचलू शकतं. ओळ आणि चॅट दोन्ही उडवायचं, आर्काइव्हमधलं पण धरून. काढलेल्या ओळीची नोंद कंपनी सुरक्षेसाठी ३० दिवसांपर्यंत ठेवू शकते, पण ती उत्तरात वापरली जात नाही.

गेली का ते तपासायचं असेल तर नवीन चॅट उघडून सरळ विचार, माझ्या घरच्यांच्या तब्येतीबद्दल तुला काय माहीत आहे. आणि जर तू रिपोर्ट `Projects` मध्ये फाइल म्हणून जोडला असशील तर तो चॅटमध्ये नसतोच, प्रोजेक्टच्या फायलींमध्ये असतो, तिथं जाऊन वेगळा काढावा लागेल.

कागलचे एक काका: "साडीतला नातीचा फोटो मी जेमिनीतनं डिलीट केला. पण भावकीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अजून दिसतोय, असं कसं?"

काका, तुम्ही झेरॉक्स वाटल्या आणि मग मूळ कागद फाडला. ग्रुपवर गेलेली प्रत वेगळी, तिचा जेमिनीशी काही संबंध नाही. पाठवून अडीच दिवसाच्या आत असाल तर ग्रुपवरच्या फोटोवर दाबून धरा आणि `Delete for everyone` करा. `Delete for me` दाबलं तर फक्त तुमच्या फोनमधनं जाईल आणि बाकी सगळी भावकी बघत बसेल. चुकून दाबलं गेलंच तर खाली काही सेकंद `Undo` दिसतं, पटकन दाबा.

तुम्हाला जमलं नाही तर ग्रुप अॅडमिनला सांगून बघा, त्याला दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी उडवता येतो. पण कुणी पुढं फॉरवर्ड केला असेल, स्क्रीनशॉट काढला असेल किंवा आयफोनवाल्याच्या फोटोंमध्ये आपोआप सेव्ह झाला असेल तर ते हातातनं गेलं, तिथं ज्याला त्याला फोन करूनच सांगावं लागेल.

इचलकरंजीचा एक दादा: "मग टेम्पररी चॅटमध्येच फोटो टाकायचा, म्हणजे टेन्शन नाही, बरोबर?"

टेन्शन कमी, शून्य नाही. टेम्पररी चॅट यादीत येत नाही, मेमरीत ओळ लिहीत नाही आणि ट्रेनिंगला वापरलं जात नाही, हे तिन्ही फायदे खरे. पण बंद केल्या क्षणी गायब होतं असं नाही, चॅटजीपीटी ते ३० दिवसांपर्यंत आणि जेमिनी ७२ तासांपर्यंत आपल्याकडं ठेवू शकतं. आणि टेम्पररी आहे का ते फोटो टाकायच्या आधी बघायचं. साध्या चॅटमध्ये फोटो टाकून झाल्यावर नवीन टेम्पररी चॅट उघडलं तर जुना फोटो जुन्या चॅटमध्येच राहतो, परवाच एकानं हेच केलं होतं आणि मला विचारत होता की मग हे बटण काय कामाचं.