लॉन बदललं पण पाती मोठी दिसतायत? आधी हे बघ

फोटोशॉपमध्ये घरासमोरचं लॉन बदललेला तुझा फोटो बघितला, हिरवा रंग छान जमलाय, पण पायरीजवळचं एकेक पातं पायरीएवढं उंच दिसतंय ना, तिथेच गडबड आहे. सध्या एवढंच कर:

- गवताचा फोटो उभं राहून काढलेला घे, घराचा फोटो जेवढ्या उंचीवरून आहे साधारण तेवढ्याच. सरळ वरून खाली काढलेला कितीही ताणला तरी अंथरलेल्या सतरंजीसारखाच दिसतो.
- आधी साइज कमी कर, मग Edit > Transform > Perspective मध्ये वरची कड आत घे, उंचीही दाब, भिंतीपाशी पाती सुटी दिसायला नकोत, नुसता हिरवा पोत हवा.
- जुनं लॉन खोडू नकोस, नव्या लेयरला मास्क लाव आणि फरशीच्या कडेने मास्कवर गवताच्या आकाराचा ब्रश फिरव, सुरीने कापल्यासारखी कड लगेच ओळखू येते.

झाडाची सावली नव्या गवताखाली गायब झाली असेल तर जुन्या लॉनचा तेवढाच भाग कॉपी कर, त्यातला रंग काढून टाक आणि वर Multiply मध्ये ठेव. रंगाचं बारीक काम नंतर बघू.