कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या फ्लॅटची जाहिरात : टोकन द्यायच्या आधी काय विचारायचं

प्रश्न : "शाहूपुरी, सीबीएसजवळ 2 बीएचके, 950 स्क्वे. फूट, पहिला मजला, 24 तास पाणी, पार्किंग. 11 महिन्यांचा नोटरी करार. फक्त शाकाहारी फॅमिली, ठराविक समाजाला प्राधान्य." ही जाहिरात बरोबर वाटते का? टोकन देऊ का?

टोकन आत्ता देऊ नका.

यात सगळ्यात मोठी गोष्ट लिहिलेलीच नाही, ती म्हणजे पूर. 2019 च्या ऑगस्टला आणि 2021 च्या जुलैला व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीच्या सखल भागात पाणी शिरलं होतं, सगळ्या गल्ल्यांत नाही, म्हणून याच बिल्डिंगचं विचारायचं. पहिला मजला म्हणजे घर कोरडं राहील हो, पण मीटर बोर्ड, पाण्याची मोटर, जमिनीखालची टाकी आणि तुमची गाडी खालीच की, मग लाईटही गेली आणि 24 तास पाणीही गेलं. बघायला जाल तेव्हा पार्किंगच्या खांबांवर मातकट पट्टा दिसतो का बघा, भिंतीला खालून ठराविक उंचीपर्यंतच नवा रंग मारला असेल किंवा मीटर नंतर वर सरकवलेले दिसले तर मालकाला सरळ विचारा, आणि खात्रीसाठी शेजारच्या दुकानदारालाही विचारा, तो पाणी कुठवर आलेलं हात लावून दाखवेल.

950 हा आकडा कार्पेट आहे का ते जाहिरातीत नाही, म्हणजे बहुतेक जिना-पॅसेज धरून सांगितलाय. कार्पेटवर 30 टक्के लोडिंग धरलं तर आत साधारण 730 उरतात. टेप घेऊन जा, खोल्या मोजा, बाल्कनी सोडून. भाडं, डिपॉझिट, मेंटेनन्स यातलं तर काहीच लिहिलेलं नाही, ते व्हॉट्सअॅपवर लेखी घ्या.

नोटरी करार हा तर सरळ चुकीचा दावा आहे. 11 महिने असले तरी महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि रजिस्टर लागतो, आणि रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची आहे. केला नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 पर्यंत दंड होऊ शकतो. लेखी रजिस्टर करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल तेच धरलं जातं, मालकाला उलटं सिद्ध करावं लागतं. हे मालकाला शांतपणे सांगा, बरेच जण ऐकतात.

आता शेवटची ओळ. मटण शिजवलेलं नको असं मालक म्हणू शकतो, ती अट पटत नसेल तर दुसरं घर बघायचं, लपवून राहू नका. पण ठराविक समाज हे मला अजिबात पटत नाही, भाडं वेळेवर येईल का आणि घर नीट ठेवाल का याच्याशी जातीचा काय संबंध? आणि अस्पृश्यतेच्या कारणाने कुणाला घर नाकारणं हा नागरी हक्क संरक्षण कायदा 1955 खाली गुन्हा आहे. फोनवर जात विचारली तर नोकरी, घरात किती माणसं आणि आधीच्या घरमालकाचा नंबर एवढंच द्या, त्यावर अडून बसला तर तो फ्लॅट सोडा.