त्याचा साखरपुडा झाला, आता मी काय लिहू?

ताई, नमस्कार. मी ३१ वर्षांची, नाशिकला नोकरी करते. कॉलेजपासून आम्ही चार वर्षं एकत्र होतो. त्याला जर्मनीला जायचं होतं, मला आईला सोडून जायचं नव्हतं. शेवटी नाही मी म्हटलं. त्याला तीन वर्षं होऊन गेली. भांडण नाही, बोलणंही नाही. गेल्या आठवड्यात त्याने कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर साखरपुड्याचा फोटो टाकला. लग्न तुळशीच्या लग्नानंतर आहे, 'सगळ्यांनी यायचं' असंही लिहिलंय. सगळ्यांनी अभिनंदन केलं, फक्त मी गप्प. त्याचं चांगलं व्हावं असं मला वाटतं, पण फोटो बघून पोटात खड्डाही पडला. मग आनंद झाला असं लिहिणं खोटं नाही का? मैत्रीण म्हणते, काही लिहू नकोस. मी हे लिहून ठेवलंय, पाठवू का?

'हाय सोन्या, फोटो बघितला, खरंच खूप खूप आनंद झाला! तू म्हणायचास तसं थंडीतच लग्न होतंय. माझ्या मनात आता काहीच नाही. तेव्हा मी तुला दुखावलं, त्याबद्दल सॉरी. ती खूप लकी आहे, तिला नीट सांभाळ. भारतात आलास की कॉफीला भेटू.'

— एक वाचक

प्रिय मैत्रिणी,

अभिनंदन जरूर कर, पण हा मसुदा पाठवू नकोस. यातली जवळजवळ प्रत्येक ओळ त्याच्या लग्नाबद्दल कमी आणि तुमच्या दोघांबद्दल जास्त बोलते. ओळीने जाऊ या, म्हणजे काय ठेवायचं ते तुझं तुलाच दिसेल.

'सोन्या' आधी काढ. ते नाव तुमच्या नात्यातलं होतं. साखरपुडा झालेल्या माणसाचा फोन घरात दहा जणांच्या हातात फिरत असतो. कोणी हॉलवाल्याचा नंबर शोधतं, कोणी फोटो बघतं. लॉक असलेल्या पडद्यावरही मेसेजची सुरुवात वाचता येते, आणि तिथे 'हाय सोन्या' दिसलं की पुढचं कितीही सभ्य असलं तरी त्याला कोणाला तरी खुलासा द्यावा लागणार. ग्रुपवर त्याला सगळे ज्या नावाने हाक मारतात तेच वापर, किंवा नाव न घालता थेट मुद्द्यावर ये.

'खरंच खूप खूप आनंद झाला' हे वाक्य तुझं तुलाच खटकलंय, आणि बरोबर खटकलंय. पोटात खड्डा पडला हे तू मला स्वच्छ लिहिलंस. मग त्याला उलटं का सांगायचं? पण त्या खड्ड्याची बातमी त्याला देणं हाही प्रामाणिकपणा नाही. ते दुःख सांभाळण्याचं काम आता त्याचं नाही, आणि तू सांगितलंस तर तो त्यात अडकेल. तुझ्या पत्रात एक गोष्ट मात्र पूर्ण खरी आहे: त्याचं चांगलं व्हावं असं तुला वाटतं. तेवढंच लिही. आपल्याला आत्ता कसं वाटतंय हे न सांगताही दुसऱ्याचं भलं चिंतता येतं. त्यात खोटेपणा कुठेच नाही, आणि खड्डा असतानाही ती इच्छा खरी राहते. 'खरंच' हा शब्दही जाऊ दे. समोरच्याला खात्री पटवायला लागलो की त्याला शंका येतेच.

'तू म्हणायचास तसं थंडीतच' ही ओळ वरवर निरुपद्रवी वाटते, पण मला सगळ्यात जास्त काळजी हिचीच आहे. त्या वेळी थंडीतलं जे लग्न तुम्ही डोळ्यांसमोर आणलं होतं, ते तुमचं होतं. ही आठवण काढली की तो क्षणभर त्या जुन्या लग्नात जाऊन येणार. आणि त्याच्या होणाऱ्या बायकोने ही ओळ वाचली, तर आपल्या मुहूर्तावरही आधीच कोणाचा तरी ठसा आहे असं तिला वाटेल. तिने तुझं काही बिघडवलेलं नाही. अभिनंदनाच्या मेसेजमध्ये तुमच्या दोघांच्या काळातली एकही गोष्ट नको, गोड असली तरी नको.

'माझ्या मनात आता काहीच नाही' हे विचारल्याशिवाय दिलेलं उत्तर आहे. त्याने विचारलेलं नाही आणि तुझ्याच पत्राप्रमाणे ते पूर्ण खरंही नाही. जाऊ दे.

आता 'सॉरी'. इथे थोडं थांबते, कारण मला वाटतं तू तीन वर्षं हे ओझं वाहते आहेस. तू आईसाठी थांबलीस, तो करिअरसाठी गेला. यात कोणी कोणाला फसवलेलं नाही. तरी सांगण्याच्या पद्धतीत, किंवा नंतर फोन न उचलण्यात, काही चुकलं असं वाटत असेल तर माफी मागण्याचा तुला हक्क आहे. फक्त या मेसेजमध्ये नाही. माफी मागितली की समोरच्याला 'असू दे, माफ केलं' असं काहीतरी म्हणावंच लागतं. ज्या आठवड्यांत तो पाहुणे, खरेदी आणि केळवणं यांत बुडालेला आहे, तेव्हा हे काम त्याच्यावर टाकायचं आणि वर त्याला अभिनंदन म्हणायचं, हे बरं नाही. एका कागदावर ती माफी पूर्ण लिहून काढ. तो कागद कोणालाही द्यायचा नाही. काही महिन्यांनी वाचल्यावर सांगण्यासारखं काही उरलं आहे का, ते बघ.

'ती लकी आहे, तिला नीट सांभाळ' यात तू स्वतःला नकळत वरच्या जागी बसवतेस. जणू तो कसा आहे हे तुला ठाऊक आहे आणि तू त्याला तिच्या हवाली करते आहेस. तिचा उल्लेख मात्र हवा, आणि तो नावाने हवा. 'तुझी बायको' किंवा 'वहिनी' नको. त्याने नाव लिहिलं असेल किंवा पत्रिका टाकली असेल तर तिथून बघून नीट लिही. तिचं नाव लिहिल्याने मेसेज दोघांना उद्देशून होतो, आणि मग तो तिने वाचला तरी चालतो. कॉफीचं आमंत्रण का नको ते आता सांगायला नको.

एवढं सगळं गेल्यावर उरतं ते असं:

'ग्रुपवर साखरपुड्याची बातमी वाचली. तुझं आणि (तिचं नाव) हिचं अभिनंदन. तुमच्या दोघांचा संसार सुखाचा होवो.'

तीन छोटी वाक्यं, आणि तिन्ही खरी. कोरडं वाटतंय का? तुला वाटेल, कारण तुझ्या मनात याहून पुष्कळ आहे. त्याला वाटणार नाही. ज्या व्यक्तीने नाही म्हटलं होतं तिच्याकडून आलेलं 'संसार सुखाचा होवो' त्याला पुरेसं जड आहे. प्रश्नचिन्ह एकही नाही हे मुद्दाम बघ. उत्तर दिलंच पाहिजे असं काहीही यात नाही, आणि त्याच्यासाठी हीच मोठी सोय आहे. हृदयाची चिन्हं नकोत. स्टिकर आणि शुभेच्छांची तयार चित्रंही नकोत, ती बाकी शंभर जण पाठवतीलच.

कुठे पाठवायचं? त्याला वैयक्तिक, एकदाच. मग त्याच दिवशी ग्रुपवर बाकीच्यांसारखं 'दोघांचं अभिनंदन' लिहून टाक, म्हणजे तुझ्या गप्प राहण्याकडे कोणाचं लक्ष राहणार नाही. मोठा मजकूर ग्रुपवर टाकू नकोस. तुमचं नातं माहीत असलेले मित्र तिथे आहेत, ते त्या ओळींमध्ये अर्थ शोधत बसतील.

रात्री अकरानंतर पाठवू नकोस. दुपारी, ऑफिसच्या वेळात पाठव. त्या वेळी आपण जास्तीची ओळ जोडत नाही, आणि वाचणाराही वेळ बघून तर्क करत नाही. उशीर झाला म्हणून कारणं देऊ नकोस. आठवडा म्हणजे काही उशीर नव्हे. हळदीच्या किंवा लग्नाच्या दिवशी मात्र टाळ. चॅटच्या चौकटीत बसून लिहू नकोस, कारण चुकून अर्धवट जातं आणि चॅट उघडं असेल तर 'टाइप करत आहे' हेही त्याला दिसतं. आधी नोट्समध्ये लिही, रात्रभर ठेव, सकाळी वाचून कॉपी कर. व्हॉट्सॲपवर १५ मिनिटांत दुरुस्ती करता येते, पण दुरुस्त केल्याची खूण राहते. पुसलं तरी मेसेज पुसला गेल्याचं दिसतंच, आणि तुझ्याकडून आलेला पुसलेला मेसेज कोणत्याही मजकुरापेक्षा जास्त प्रश्न उभे करेल.

पाठवण्याआधी एक गोष्ट स्वतःला विचार. समजा त्याने फक्त अंगठा दाखवला, किंवा निळ्या खुणा झाल्या आणि उत्तरच आलं नाही, तर संध्याकाळी तू जेवशील ना? दर पाच मिनिटांनी फोन बघणार असशील, तर तुला अभिनंदन करायचं नाहीये, संभाषण हवं आहे. ते हवं असणं वाईट नाही, पण त्यासाठी हा मार्ग चुकीचा आहे. तसं असेल तर तुझ्या मैत्रिणीचं ऐक. ग्रुपवरचे दोन शब्द पुरेत, वैयक्तिक मेसेज राहू दे. त्याने पूर्वी कधी 'संपर्क नको' असं सांगितलं असेल किंवा तुला ब्लॉक केलं असेल, तर दुसऱ्या नंबरवरून किंवा मित्राच्या हातून निरोपही नको. (नात्यात मारहाण किंवा धाक होता, अशा वाचकांनी तर अभिनंदनाचं हे देणं आपल्यावर आहे असं मुळीच मानू नये.)

बहुतेक तो लिहील, 'थँक्स! तू कशी आहेस?' इथे बऱ्याच जणी घसरतात. 'मी मजेत. तयारीला शुभेच्छा' एवढं लिहून थांब. उलट प्रश्न विचारलास की गप्पा सुरू होतील, आणि लग्नाआधीच्या धावपळीत जुन्या माणसाशी गप्पा मारणं कोणालाही सोपं आणि सुखाचं वाटतं. कधी रात्री उशिरा तिकडून 'आपलं झालं असतं तर...' असं काही आलं, तर उत्तर द्यायची घाई करू नकोस. सकाळी लिही, 'हे मी पुढे बोलणं बरोबर नाही. तुम्हा दोघांना शुभेच्छा.' हे रागाने नको, पण त्याच्या मोहाला सोबतही करू नकोस.

लग्नाला जायचं का, हा प्रश्न तू विचारला नाहीस, पण डोक्यात असणार. ग्रुपवरचं 'सगळ्यांनी यायचं' हे सगळ्यांना होतं. तेवढ्यावर जायलाच हवं असं नाही, आणि न जाण्याचं कारण अभिनंदनाच्या मेसेजमध्ये घालायचंही नाही. त्याने किंवा तिने वेगळं बोलावलं, तर तेव्हा 'जमणार नाही, पण शुभेच्छा आहेतच' असं साधं सांग. खोटं ऑफिसचं काम काढू नकोस. आणि जावंसं वाटलं तर मैत्रिणीसोबत जा, अक्षता टाक, दोघांना भेट, जेवून निघ.

— तुझी ताई