चौघांत तज्ज्ञ कुणीच नाही, मग उत्तरं तपासायची कशी?

"आम्ही चौघं आयईएलटीएसच्या स्पीकिंगची तयारी एकत्र करतो. उत्तरं मोबाइलवर रेकॉर्ड करून एकमेकांना पाठवतो. पण इंग्रजी सगळ्यांचं सारखंच. कुणी 'छान' म्हणतं, कुणी 'कॉन्फिडन्स हवा'. याचा काही उपयोग आहे का, की सरळ क्लास लावू?"

उपयोग आहे, पण गटाने गुण देणं थांबवलं तर. कानाला काय ऐकू आलं, एवढंच टिपायचं.

एरंडवण्यातल्या एका गटाचं सांगते. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) त्यातली एक मुलगी नर्स, परदेशी नोकरीसाठी तयारी करणारी. स्पीकिंगच्या दुसऱ्या भागात एक कार्ड देतात, विचाराला एक मिनिट मिळतं आणि मग एक ते दोन मिनिटं एकटीने बोलायचं असतं. तिचं बोलणं पन्नासेक सेकंदांतच आटपायचं. गटाच्या तक्त्यात चार रकाने होते: ओघ, शब्दसंपदा, व्याकरण, उच्चार. परीक्षक याच चार निकषांवर गुण देतात, हे खरं. पण त्यांना त्याचं प्रशिक्षण असतं. इथे एकाच रेकॉर्डिंगला ओघासाठी एकाने 5 दिले, दुसरीने 7, आणि त्या आकड्यावरून उद्या काय करायचं ते नर्सबाईंना कळेना.

आम्ही तक्ता बदलला. किती वेळ बोलली? कार्डावरचे कोणते मुद्दे राहिले? तीन सेकंदांहून मोठा थांबा कुठे आला, वाक्य तोडून की वाक्य संपल्यावर? कोणता शब्द समजायला रेकॉर्डिंग मागे न्यावं लागलं? प्रत्येक नोंदीपुढे मिनिट-सेकंद लिहायचे. वेळ लिहिता येत नसेल, तर ती नोंद नव्हे, नुसतं मत. 'कॉन्फिडन्स कमी' हा शेरा त्यामुळे आपोआप गळून पडला.

कामाला लागण्याआधी सगळ्यांनी एकच रेकॉर्डिंग वेगवेगळं बसून तपासलं आणि मग तक्ते शेजारी शेजारी ठेवले. ही पायरी गट हमखास गाळतात आणि नंतर भांडतात. यांचं थांब्यांवरून जमेना. 'अं…' हा थांबा धरायचा का? धरायचा, असं ठरलं. असे दोन-तीन निर्णय झाले की चौघांचे तक्ते बऱ्यापैकी जुळायला लागतात. तरीही जुळत नसतील, तर रकान्याची भाषा ढोबळ आहे असं समजा आणि ती बदला.

क्रम असा ठेवला: एकाच दमात रेकॉर्डिंग करायचं, वाचून दाखवायचं नाही, बिघडलं तरी पुसायचं नाही. आधी स्वतःचा तक्ता स्वतः भरायचा. मग दोघांनी दोनदा ऐकायचं, पहिल्यांदा तक्ता बाजूला ठेवून. रविवारी भेटून फक्त मतभेदाच्या जागा पुन्हा ऐकायच्या. रेकॉर्डिंग गटाबाहेर जाणार नाही, हेही पहिल्याच दिवशी ठरवून घेतलं. स्वतःचा आवाज ऐकणं बऱ्याच जणांना जड जातं. बोलताना तो आपल्याला कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो, रेकॉर्डिंगमध्ये तो भाग नसतो, म्हणून परका वाटतो. आठवडाभरात सवय होते.

नर्सबाईंच्या तक्त्यात एक गोष्ट ठळक दिसली. त्यांचे थांबे जवळजवळ सगळे वाक्य संपल्यावरचे होते. वाक्याच्या मध्ये अडखळणारा माणूस बहुधा शब्द किंवा व्याकरण शोधत असतो. वाक्य पूर्ण करून गप्प होणाऱ्याला पुढे काय सांगावं ते सुचत नसतं. त्या इतके दिवस शब्दांच्या याद्या पाठ करत होत्या, आणि अडत होतं भलतीकडेच. मग तयारीच्या मिनिटात प्रत्येक मुद्द्यापुढे एक प्रसंग दोन शब्दांत लिहायचा, एवढाच सराव केला. पुढचं कार्ड मुद्दाम वेगळं पण त्याच धाटणीचं घेतलं, आदर्श शिक्षिकेऐवजी मदत करणारा शेजारी. तेच कार्ड पुन्हा घेतलं की उत्तर पाठ होतं, आणि पाठ केलेलं उत्तर परीक्षकाला ओळखू येतं. या वेळी त्या दीड मिनिटाच्या पुढे गेल्या.

एक गोष्ट मात्र गटाला पकडता येत नाही: चौघांचीही असलेली चूक. 'डिस्कस अबाउट' चौघं म्हणत असतील, तर ते कुणालाच खटकणार नाही. उच्चारांचंही तसंच. मराठी कानाला 'व्हेस्ट' आणि 'वेस्ट' यांतला फरक सहज ऐकू येत नाही. मराठी वळणाचे म्हणून गुण कापत नाहीत, पण ऐकणाऱ्याला शब्द कळला पाहिजे. शंका आली की तो शब्द डिक्शनरीच्या ॲपवर ऐका.

व्याकरणासाठी मात्र शिक्षक हवेतच. त्यासाठी लगेच पूर्ण क्लासची फी भरू नका. महिन्याभराची रेकॉर्डिंग आणि भरलेले तक्ते घेऊन एका चांगल्या शिक्षकांची एक-दोन तासांची वेळ घ्या आणि त्यांना एवढंच विचारा: आम्हा चौघांच्याही कानातून काय निसटलं?